टर्म शीटवर माझे ६० टक्के थेट ४२ झालेत, ४८ व्हायला हवे होते ना?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला माझी आणि माझ्या मित्राची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, तीन वर्षं होत आली. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेजचं तापमान नोंदवणारं यंत्र आम्ही बनवतो. सुरुवातीला दोघांनी मिळून सात लाख घातले, माझे ४ लाख २० हजार आणि त्याचे २ लाख ८० हजार. दहा रुपयांचा एक शेअर, म्हणजे एकूण ७०,००० शेअर. माझे ४२,०००, त्याचे २८,०००. साठ-चाळीस.

आता पहिल्यांदाच एका गुंतवणूकदाराकडून टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कच्चा मसुदा, आली आहे. पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत म्हणजे प्री-मनी ८ कोटी, गुंतवणूक २ कोटी, पैसे आल्यानंतरची म्हणजे पोस्ट-मनी १० कोटी, म्हणजे त्यांचा हिस्सा २० टक्के. इथपर्यंत कळलं. माझ्या हिशेबाने उरलेले ८० टक्के आमचे, त्यातले साठ टक्के माझे, म्हणजे ४८. पण त्यांनी सोबत जोडलेल्या एक्सेलमध्ये माझ्या नावापुढे ४२ आहे आणि मित्राच्या नावापुढे २८. मध्ये 'ईसॉप पूल १०' अशी एक ओळ आहे. बरं, पुढे नेमायच्या कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के सगळ्यांच्याच वाट्यातून काढून ठेवले म्हणावं, तरी ४८ चे ४३.२ होतात. ४२ कुठून आले?

त्यांच्याकडे हा प्रश्न न्यायच्या आधी मला स्वतःला तो नीट समजलेला हवा आहे. कॅप टेबल, म्हणजे कोणाकडे किती शेअर याचा तक्ता, हा शब्द मी दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ऐकला, हे लक्षात घेऊन सांगा.

रोखठोक

माझं स्पष्ट मत: ५१ च्या खाली जायचंच नाही. ५१ टक्के गेले की कंपनी दुसऱ्याची. ४८ काय आणि ४२ काय, दोन्ही धोक्याचेच. कमी पैसे घ्या, एक कोटीत भागवा.

मोगरा

मला एक साधी शंका आहे. तुमचे १८ टक्के गेले म्हणता, मग त्यांचे पैसे तुम्हाला मिळणार ना? की ते २ कोटी कंपनीच्या खात्यात जातात? आमच्याकडे बहिणीने शेतातला हिस्सा सोडला तेव्हा पैसे तिच्या हातात आले होते, म्हणून विचारते.

ताळेबंद

मोगराताई, तुमच्या शंकेत गोदाकाठ यांचं अर्धं उत्तर आहे. शेतातला हिस्सा विकला की एकाचं क्षेत्र कमी होतं आणि दुसऱ्याचं वाढतं. इथे तसं होत नाही. गोदाकाठ यांचा एकही शेअर कुठे जात नाहीये. ४२,००० होते आणि ४२,००० च राहणार. कंपनी नवे शेअर काढते, गुंतवणूकदार ते विकत घेतो आणि पैसे कंपनीच्या खात्यात जमा होतात. एकूण शेअर वाढले म्हणून त्याच ४२,००० ची टक्केवारी उतरते. डायल्युशन म्हणजे एवढंच. तेव्हा गोदाकाठ, टक्के बाजूला ठेवा आणि शेअर मोजा. टक्क्यांची वजाबाकी करत बसलं की माणूस हमखास चुकतो.

तुमच्या डोक्यातला हिशेब असा आहे. ८ कोटी भागिले ७०,००० शेअर, म्हणजे एका शेअरचा भाव साधारण १,१४३ रुपये. २ कोटींत त्या भावाने १७,५०० नवे शेअर येतात. एकूण ८७,५००. त्यात तुमचे ४२,०००, म्हणजे ४८ टक्के. गणित बरोबर आहे.

त्यांनी मात्र ८ कोटींना ७०,००० ने भागलेलंच नाही. टर्म शीटमध्ये कुठेतरी अशा अर्थाचं वाक्य सापडेल: 'प्री-मनी मूल्यांकन फुली डायल्युटेड पायावर, गुंतवणुकीनंतर १० टक्के होईल इतका ईसॉप पूल धरून.' फुली डायल्युटेड म्हणजे पुढे काढायचे शेअरही आजच मोजून. याचा अर्थ त्यांनी शेवटून सुरुवात केली. शेवटी गुंतवणूकदाराचे २० हवेत, पूलचे १० हवेत, राहिले ७० ते फाउंडर्सचे. तुमचे ७०,००० शेअर म्हणजे ७० टक्के, तर एकूण १,००,०००. त्यातले २०,००० त्यांचे आणि १०,००० पूलचे. मग भाव किती? ८ कोटी भागिले ८०,०००, कारण पूलचे दहा हजार त्यांनी आपल्या येण्याआधीच तयार झाले असं धरलं. भाव आला १,००० रुपये. २ कोटींत २०,००० शेअर.

म्हणजे तेच २ कोटी देऊन त्यांना १७,५०० ऐवजी २०,००० शेअर मिळाले. आणि तुमच्या दोघांच्या ७०,००० शेअरची किंमत १,००० च्या भावाने ७ कोटी होते, ८ नाही. राहिलेला एक कोटी अजून कोणालाच न दिलेल्या शेअरांचा आहे. पूल त्यांच्या गुंतवणुकीनंतर तयार झाला असता तर तो सगळ्यांच्या वाट्यातून निघाला असता. मग तुमचे ४३.२, मित्राचे २८.८, त्यांचे १८ आणि पूलचे १०. तुम्ही जी दुसरी आकडेमोड केली ती हीच. ४३.२ आणि ४२ मधला फरक म्हणजे पूलचा सगळा भार फक्त तुम्ही दोघांनी उचलणं.

ही फसवणूक नव्हे. पहिल्या राउंडला बहुतेक गुंतवणूकदार असंच मागतात. पण बोलणी करण्यासारखी ही एक जागा आहे आणि नवखा माणूस नेमका हीच ओळ वाचायची सोडतो. तुम्ही आकडा पडताळून पाहिलात म्हणून ती सापडली.

बाजारभाव

यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे कळलं नाही. माझ्याकडे एका कंपनीचे १०० शेअर होते, बोनस आला, २०० झाले, भाव निम्मा झाला. नुकसान शून्य. शेअर वाढले की टक्केवारी कमी होते हा गैरसमज आहे.

ताळेबंद

बाजारभाव, बोनसमध्ये प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात शेअर मिळतात, त्यामुळे कोणाचीच टक्केवारी हलत नाही. इथे नवे शेअर एकट्या नव्या माणसाला मिळताहेत. गोष्ट निराळी आहे. तुमचं एक म्हणणं मात्र खरं: टक्केवारी उतरली म्हणजे नुकसान झालंच असं नाही. त्यासाठी पुढचा राउंड मांडून दाखवतो.

समजा दीड-दोन वर्षं गेली. पूलच्या १०,००० पैकी ८,००० ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे हक्क, तुम्ही कर्मचाऱ्यांना दिलेत, २,००० शिल्लक आहेत. आता पुढचा मोठा राउंड, सीरीज ए. नवा गुंतवणूकदार १० कोटी ५० लाख देतोय, ४२ कोटी प्री-मनीवर. त्यालाही २० टक्के हवेत आणि न वाटलेला पूल पुन्हा १० टक्क्यांवर आणून हवा आहे, तोही आपण येण्याआधी. पुन्हा शेवटून मोजा. न वाटलेले २,००० सोडले तर आजचे शेअर ९८,०००. ते ७० टक्के व्हायला हवेत, म्हणजे एकूण १,४०,०००. त्यातले २८,००० नव्याचे, १४,००० पूलचे. भाव ४२ कोटी भागिले १,१२,०००, म्हणजे ३,७५० रुपये.

तुमच्या ४२,००० शेअरचा प्रवास असा दिसेल:

सुरुवात: एकूण ७०,०००, तुमचे ६० टक्के
सीड म्हणजे आताच्या राउंडनंतर: एकूण १,००,०००, तुमचे ४२ टक्के, भाव १,००० रुपये
सीरीज ए नंतर: एकूण १,४०,०००, तुमचे ३० टक्के, भाव ३,७५० रुपये

साठाचे तीस झाले, पण कागदावरची किंमत सीडला ४ कोटी २० लाख होती ती १५ कोटी ७५ लाख झाली. 'कागदावरची' हा शब्द विसरू नका. हा भाव गुंतवणूकदाराच्या प्रेफरन्स शेअरचा आहे आणि त्या शेअरांना कंपनी विकली गेल्यावर आधी पैसे मिळण्याचा हक्क असतो. तुमच्या साध्या शेअरला कोणी लगेच तोच भाव देईल असं नाही.

या सगळ्यात सीडवाल्याचं काय झालं तेही बघा. त्याचे २०,००० शेअर १,४०,००० पैकी म्हणजे १४.३ टक्के. तोही पातळ झाला. पूल वाढवण्याचा भार या वेळी त्याच्यावरही पडला. म्हणून दुसऱ्या राउंडला पूलवर घासाघीस करताना तो तुमच्या बाजूने बोलतो.

स्वतः एक्सेलमध्ये मांडा. बी कॉलममध्ये शेअर लिहा आणि टक्के फक्त या एका सूत्राने काढा, हाताने टक्के टाइप करू नका:

```
=B2/SUM(B$2:B$7)
```

पैलतीर

सनीव्हेलहून लिहितोय, इथे दोन स्टार्टअपमध्ये सुरुवातीपासून होतो. ताळेबंद यांनी छान मांडलंय. एक भर घालतो. सीडवाल्याकडे प्रो-राटा हक्क असेल तर सीरीज ए मध्ये पैसे घालून तो आपले २० टक्के टिकवू शकतो. त्याने ए च्या २८,००० मधलेच काही घेतले तर गोदाकाठना फरक पडत नाही. पण ते त्याच्यावर वेगळे काढले तर त्याला आणखी १०,००० शेअर लागतील, एकूण दीड लाख होतील आणि गोदाकाठ ३० वरून २८ वर येतील. अर्थात मग ए वाला २० वरून १८.७ वर जाईल, ते तो मान्य करणार नाही, आणि पुन्हा सगळी रस्सीखेच सुरू. प्रो-राटाचं कलम आताच नीट वाचून ठेवा.

दुसरं, पहिल्या राउंडला किंमत ठरवायचीच कशाला? इथे सगळे सेफ वापरतात, म्हणजे पैसे आज आणि शेअर पुढच्या राउंडला. वाय कॉम्बिनेटरने २०१३ साली आणलं. थोड्या पानांत काम होतं, डायल्युशनचा प्रश्नच येत नाही.

ताळेबंद

प्रो-राटाचा मुद्दा अगदी योग्य. सेफबद्दल मात्र सहमत नाही. प्रश्न येतो, फक्त उशिरा येतो. आणि भारतात अमेरिकन सेफ जसंच्या तसं चालत नाही. कंपनी कायद्यात पैसे घेतले की ते शेअर, डिबेंचर, कर्ज किंवा ठेव यांपैकी कशात तरी बसवावे लागतात. म्हणून इथलं आयसेफ हे प्रत्यक्षात सक्तीने रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर असतात. दुसरा रस्ता कन्व्हर्टिबल नोटचा, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या कर्जाचा, तोही केंद्राच्या डीपीआयआयटी या विभागाची मान्यता असलेल्या स्टार्टअपलाच.

गोदाकाठ, याआधी तुम्ही असं काही घेतलंय का? नोट, आयसेफ, कोणाला तोंडी कबूल केलेला हिस्सा? कॅप टेबलवर न दिसणारे लोकच पुढे गणित बिघडवतात.

सह्यकडा

तोंडी नाही, आमचं तर लेखी होतं आणि तरी बिघडलं. माझी गोष्ट सांगतो, पुण्यातली.

आम्ही तिघे होतो, तिघांचा सारखा वाटा. आठव्या महिन्यात तिसऱ्याला परदेशात नोकरी लागली आणि तो गेला. भांडण नाही, काही नाही, निरोप समारंभ केला आम्ही. पण त्याचे ३३ टक्के त्याच्याकडेच राहिले, कारण आमच्या करारात व्हेस्टिंग, म्हणजे काम करत राहिलात तसे शेअर हळूहळू पक्के होण्याची अट, नव्हतं. पुढे अडीच वर्षं आम्ही दोघांनी राबून कंपनी उभी केली. गुंतवणूकदाराने कॅप टेबल बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: 'हे तिसरे गृहस्थ काय करतात?' त्यांचं म्हणणं, राउंडनंतर तुम्ही दोघे काम करणारे पन्नासाच्या आसपास आणि काही न करणारा एक जण पंचवीसच्या वर, अशा कंपनीत पुढचा कोणी येणार नाही. आधी ते सोडवून या.

सोडवायला सात महिने गेले. तो मित्र चांगला म्हणून थोडे शेअर ठेवून बाकीचे परत दिले. तोवर तो गुंतवणूकदार दुसरीकडे गेला होता.

गोदाकाठ, तुमच्या मित्राशी आज गोडी आहे म्हणूनच आज लिहून घ्या. तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही.

रोखठोक

सह्यकडा, कंपनीने त्याचे शेअर परत विकत घ्यायचे की. बायबॅक असतं.

ताळेबंद

बायबॅकला कायद्याची बंधनं बरीच आहेत: किती घेता येतील, कुठल्या पैशातून, एकदा घेतल्यावर पुढे किती काळ नवे शेअर काढायचे नाहीत. राउंडच्या तोंडावर तो रस्ता कामाचा नसतो. म्हणून करारातच लिहितात की चार वर्षांच्या आत सोडून गेल्यास न पिकलेले शेअर उरलेल्या फाउंडर्सना किंवा ईसॉप ट्रस्टला ठरलेल्या नाममात्र भावाने द्यायचे. सहसा पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच पिकत नाही, मग दर महिन्याला किंवा तिमाहीला थोडं थोडं. तीन वर्षं काम केलेल्या फाउंडर्सना झालेल्या वर्षांचं श्रेय धरून मागता येतं. गोदाकाठ, ते मागा.

आणि रोखठोक, तुमच्या ५१ बद्दल. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात हे खरं. पण घटनेत म्हणजे आर्टिकल्समध्ये बदल, नव्या माणसाला शेअर देणं, अशा गोष्टींना विशेष ठराव लागतो, म्हणजे दिलेल्या मतांपैकी ७५ टक्के. ५१ वाला ते एकट्याने करू शकत नाही आणि २५ च्या वर असलेला ते अडवू शकतो. शिवाय न वाटलेल्या पूलला मत नसतं, कारण ते शेअर अजून जन्मलेच नाहीत. सीडनंतर प्रत्यक्ष काढलेले शेअर ९०,००० च असतील. गुंतवणूकदाराच्या प्रेफरन्स शेअरना रूपांतर झाल्यासारखं मत दिलं असं धरलं, तर गोदाकाठ यांचं मत ४६.७ टक्के आणि दोघा मित्रांचं मिळून ७७.८. म्हणजे दोघे एकत्र असतील तर विशेष ठरावही हातात आहे. सीरीज ए नंतर तो राहणार नाही, दोघे मिळून ५९ च्या आसपास येतील.

खरा ताबा बघायचा तर शेअरहोल्डर करारातली 'यांच्या संमतीशिवाय करायचं नाही' ही यादी बघा, आणि बोर्डवर कोणाच्या किती खुर्च्या ते बघा. २० टक्केवाला त्या यादीच्या जोरावर बरंच अडवू शकतो.

रोखठोक

७५ चं लक्षात नव्हतं, मान्य. तरी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. पूलचे १० टक्के उगाच जाताहेत तर त्यातलेच ऑप्शन फाउंडरने स्वतः घ्यावेत. स्टार्टअपला ते चालतं असं वाचलंय.

ताळेबंद

चालतं. एरवी प्रवर्तकाला किंवा १० टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या संचालकाला ईसॉप देता येत नाहीत, पण मान्यताप्राप्त स्टार्टअपला स्थापनेपासून दहा वर्षं सूट आहे. कायद्याने चालतं म्हणून गुंतवणूकदार मानेल असं नव्हे. पूल त्याने मागितला तो नव्या माणसांसाठी. हा प्रस्ताव पहिल्याच राउंडला नेऊ नये असं मला वाटतं.

कोडकरी

मी पाचव्या क्रमांकाचा कर्मचारी आहे एका कंपनीत (नाव नको). मला अर्धा टक्का सांगितलाय. वरचं वाचून धडकी भरली. तो अर्धा टक्काही पातळ होणार का?

पैलतीर

हो, सगळ्यांबरोबर. ऑफर लेटरमध्ये टक्के लिहिलेत की ऑप्शनचा आकडा? आकडा मागून घ्या, आणि त्या दिवशीचे एकूण फुली डायल्युटेड शेअर किती तेही. दोन्ही आकडे असले की पुढच्या प्रत्येक राउंडला स्वतः भागाकार करता येतो. नुसता 'अर्धा टक्का' कशाचा, कधीचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन दिवस एक्सेल घेऊन बसलो, ताळेबंद यांचे तीनही टप्पे माझ्या शीटवर जुळले. मित्राशीही बोललो. व्हेस्टिंगला तो लगेच हो म्हणाला, मलाच विषय काढायचा धीर होत नव्हता.

पूलबद्दल असं केलं. पुढच्या दीड वर्षात कोणाला घ्यायचंय त्याची यादी लिहिली: एक हार्डवेअर प्रमुख, दोन फर्मवेअरवाले, विक्रीला एक अनुभवी माणूस, बाकी छोट्या जागा. प्रत्येकापुढे हिस्सा टाकला, बेरीज साडेपाच टक्क्यांची आली. म्हणून ६ टक्के पूल मागावा म्हणतोय. तसं झालं तर माझे ४४.४ होतात आणि आमच्या शेअरची खरी किंमत ७ कोटी ४० लाख. बरोबर ना?

आणि ताळेबंद, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. गेल्या वर्षी वडिलांच्या एका मित्रांकडून ३५ लाख घेतलेत, कन्व्हर्टिबल नोटवर. व्याज नाही. त्यात 'व्हॅल्युएशन कॅप ३.५ कोटी' असं लिहिलंय. ते शेअर पुढच्या राउंडला मिळणार होते म्हणून मी टेबलमध्ये धरलेच नव्हते.

ताळेबंद

६ टक्क्यांचा हिशेब बरोबर. यादी घेऊन जा, ती दाखवली की नुसत्या 'कमी करा' पेक्षा वजन येतं.

नोट मात्र आताच धरायला हवी. कॅपचा अर्थ असा की राउंडचा भाव काहीही असो, त्यांचं रूपांतर जास्तीत जास्त ३.५ कोटी मूल्यांकनाच्या भावाने होणार. ३.५ कोटी भागिले तुमचे ७०,००० शेअर म्हणजे ५०० रुपये. ३५ लाखांत ७,००० शेअर. नवा गुंतवणूकदार जवळजवळ नक्की म्हणेल की हेही आपण येण्याआधीच्या ८ कोटींत धरा. आता पूल १० टक्केच ठेवून मांडू. तुमचे ७०,००० अधिक नोटचे ७,००० म्हणजे ७७,०००, ते ७० टक्के, एकूण १,१०,०००. गुंतवणूकदार २२,०००, पूल ११,०००. भाव ८ कोटी भागिले ८८,०००, म्हणजे साधारण ९०९ रुपये. तुमचे ४२,००० आता ३८.२ टक्के, मित्राचे २५.५, नोटवाल्यांचे ६.४.

म्हणजे ४८ वाटले होते, पूलमुळे ४२ झाले, नोटमुळे ३८. नोटवाल्या काकांच्या ३५ लाखांचे त्या भावाने साधारण ६४ लाख झाले. त्यांनी सगळ्यात आधी जोखीम घेतली, त्यात गैर काही नाही. फक्त हे ३८ तुम्हाला आज माहीत हवेत, सही झाल्यावर नकोत.

आता दोन गोष्टी तपासा. पहिली, कॅप कोणत्या शेअरसंख्येवर लागू आहे ते नोटमध्ये लिहिलंय का? पूल धरून असेल तर भाव आणखी उतरतो, ७,००० च्या जागी ८,१०० च्या वर शेअर जातात आणि तुम्ही ३७.६ वर येता. दुसरी, पैसे एकाच हप्त्यात आले का?

गोदाकाठ

दोन हप्त्यांत. आधी २० लाख, तीन महिन्यांनी १५. डीपीआयआयटीची मान्यता आमच्याकडे पहिल्यापासून आहे. हप्त्यांनी काय फरक पडतो?

ताळेबंद

ठेवींच्या नियमांतून कन्व्हर्टिबल नोटला जी सूट आहे ती एका वेळी, एकाच हप्त्यात २५ लाख किंवा जास्त घेतले तर. तुमचे दोन्ही हप्ते त्याखाली आहेत. म्हणजे ही रक्कम ठेव ठरू शकते, आणि गुंतवणूकदाराच्या ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे सहीआधीच्या कागद तपासणीत, त्यांचे वकील ही गोष्ट पहिल्या दिवशी काढतील. याच आठवड्यात कंपनी सेक्रेटरीला मूळ कागद आणि बँकेच्या नोंदी दाखवा. कसं दुरुस्त करायचं ते कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि गुंतवणूकदारापासून लपवू नका, स्वतःहून सांगितलेली चूक आणि त्यांनी शोधलेली चूक यांत फार अंतर आहे.

पैलतीर

एक वेगळं मत नोंदवतो. पूलवर भांडण्यापेक्षा सरळ किंमतीवर बोला. पूल १० टक्के ठेवून प्री-मनी ९ कोटी ११ लाख मागितली तरी, नोट बाजूला ठेवली तर, गोदाकाठ ४३.२ वरच येतात. आणि मोठा पूल वाया जात नाही, पुढच्या राउंडला तेवढा कमी वाढवावा लागतो.

सह्यकडा

माझा अनुभव उलटा. किंमतीचा आकडा त्यांच्या समितीत आधी मंजूर झालेला असतो, तो हलत नाही. पूल हलतो. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात १२ चा ८ झाला, किंमत एक रुपयाने बदलली नाही.

ताळेबंद

दोन्ही पाहिलंय. कोणासमोर बसलात त्यावर आहे.

गोदाकाठ

नोट काढून वाचली. 'फुली डायल्युटेड शेअरसंख्येवर' एवढंच आहे. पूल धरून की सोडून, काही नाही. त्या वेळी पूलच नव्हता, म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही. उद्या सकाळी कंपनी सेक्रेटरीकडे जातोय, दोन्ही हप्त्यांच्या नोंदी काढून ठेवल्यात. संध्याकाळी मित्राला घेऊन काकांच्या घरी. ३८.२ आणि ३७.६ अशी दोन्ही शीट छापून नेतोय, त्यांच्यासमोरच ठेवणार. गुंतवणूकदाराला मेल करून एक आठवडा मागितला आहे.

मोगरा

काकांना त्यांचे शेअर ७,००० की ८,१०० हे आधी त्यांच्याच तोंडून ऐका, त्यांनी काय समजून पैसे दिले होते ते. मग शीट दाखवा.